सावली दुप्पट झाली की परत

उमरखेडच्या बहुतेक घरांत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्या प्रत्येक चौकटीत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. समजा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही चार जण माहूरच्या डोंगरात चालायला निघणार आहात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे नांदेड जिल्हा, आणि तिथे रेणुकामातेचा, दत्तशिखराचा आणि अनसूयामातेचा असे डोंगर एकमेकांजवळ उभे आहेत. आदल्या रात्री तुम्ही दिनदर्शिका बघता. ४ डिसेंबरच्या चौकटीत सूर्यास्त ६ वाजता आहे, म्हणून तुम्ही ६ ही वेळ धरून हिशेब मांडता. चूक इथेच होते. दिनदर्शिका मुंबईच्या वेळेने छापलेली असेल, तर ६ वाजता मावळणारा सूर्य मुंबईचा असतो. त्या दिवशी उमरखेडला सूर्य ५:४० च्या सुमारास बुडतो आणि माहूरला ५:३८ ला.

ही वीस-बावीस मिनिटं कुठून आली, ते समजून घेऊ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे रेखांशाचा एक अंश ४ मिनिटांचा होतो. मुंबई ७२.८५ पूर्व रेखांशावर आहे, उमरखेड साधारण ७७.७ वर. फरक पावणेपाच अंशांहून थोडा जास्त, म्हणजे १९ मिनिटांच्या आसपास. आपण सगळे घड्याळ एकच लावतो, ८२.५ रेखांशाचं, पण सूर्य काही घड्याळ बघून मावळत नाही. पूर्वेकडच्या गावात तो आधी उगवतो आणि आधीच मावळतो. थंडीत उत्तरेकडे सरकलं की दिवस थोडा आणखी लहान होतो, म्हणून माहूरसाठी आणखी एखाद-दोन मिनिटं कमी होतात. दिनदर्शिकेवर कोणत्या शहराची वेळ आहे ते पाहा आणि त्या शहरापासून तुम्ही जितके अंश पूर्वेला आहात, तितक्या चौकड्या मिनिटं वजा करा. मोबाइलमधल्या हवामानाच्या पानावर सूर्यास्त बघणार असाल, तर ते पान तुमच्या गावाचं आहे की भावाच्या पुण्याचं, एवढं आधी तपासा.

आणखी एक समजूत दुरुस्त करून घ्यावी लागते. सगळ्यांत छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, म्हणून सूर्यही त्याच दिवशी सगळ्यांत लवकर मावळत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. उमरखेडला सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण ५:३९ ला. २१ डिसेंबरला तो ५:४६ ला मावळतो. या काळात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलण्यामुळे खरी मध्यान्हच घड्याळावर पुढे सरकत जाते, नोव्हेंबरअखेर १२:०६ ची ती २१ डिसेंबरला १२:१७ ला पोचते. दिवस लहान होत राहतो, पण सरकत्या मध्यान्हीबरोबर संध्याकाळही पुढे ढकलली जाते. तेव्हा दिवाळी संपल्यावर थंडी नुकतीच लागू लागते आणि चालायला मन होतं, तेच दिवस संध्याकाळ सगळ्यांत आधी आटोपणारे आहेत. जुलैच्या सुरुवातीला याच उमरखेडमध्ये सूर्य ७ वाजून २ मिनिटांपर्यंत असतो. दोन्हींत सुमारे सव्वा तासाहून जास्त फरक आहे, आणि पावसाळ्यातल्या नुसत्या सवयीने निघालेला माणूस नोव्हेंबरात अंधारात सापडतो तो यामुळेच.

सूर्य बुडाल्यावर उरतो तो संधिप्रकाश. आपल्याकडे जुन्या कालमानात घटका म्हणजे २४ मिनिटं. डिसेंबरात आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जवळजवळ तेवढाच, एक घटका इतका वेळ जातो. सहा अंशांपर्यंत उघड्या माळावर वाट ओळखता येते, त्यानंतर दगड आणि खळगा यांत फरक कळेनासा होतो. इंग्लंडमध्ये हाच उजेड डिसेंबरात चाळीसेक मिनिटं टिकतो, कारण तिथे सूर्य क्षितिजाला तिरका घासत खाली जातो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. म्हणून परदेशी पुस्तकांतून आलेला ‘सूर्यास्तानंतर तासभर मिळतो’ हा अंदाज माहूरला लावू नये. सागाच्या रानात तर ही घटकाही अर्धीच समजावी, कारण पानांच्या छताखाली आकाशाचा उरलेला उजेड पोचत नाही. मी स्वतः हिशेबात सूर्यास्त हीच शेवटची वेळ धरते आणि संधिप्रकाशाला हात लावत नाही. ती घटका पाय मुरगळला, फाटा चुकला, अशा वेळेसाठी राखीव ठेवायची.

आता उलटा हिशेब मांडू. उदाहरणासाठी एक वाट धरू: पायथ्यापासून माथ्यापर्यंत ५ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर, आल्या वाटेनेच परत. तुमची स्वतःची वाट मोबाइलवर किंवा नकाशावर मोजून हेच आकडे बदला. सपाटीवर तुमची चाल तासाला ४ किलोमीटर आहे असं समजू. ही चाल घराजवळच्या रस्त्यावर एक-दोनदा मोजून ठेवावी, अंदाजाने धरू नये. बहुतेक जण स्वतःला आहेत त्याहून वेगवान समजतात.

चढाचा वेळ मोजण्याची एक जुनी रीत आहे. १८९२ मध्ये स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी ती मांडली. सपाटीसाठी तासाला ३ मैल आणि शिवाय दर २,००० फूट चढाला एक तास, असा तिचा मथितार्थ. आपल्या मापात हे दर ६०० मीटरला सुमारे एक तास, म्हणजे ३०० मीटरला अर्धा तास होतं. नेस्मिथ यांनी उतारासाठी वेगळं काहीच धरलं नव्हतं. नंतरच्या लोकांनी त्यात दुरुस्ती केली: सौम्य उतारावर वेळ थोडा वाचतो, पण तीव्र उतारावर वेळ वाढतो, दर ३०० मीटरला १० मिनिटांनी. आपल्या डोंगरांत सुट्या मुरमावर पाय घसरतो, म्हणून मी उतारावर कधीच वेळ वाचवत नाही, ही १० मिनिटं जोडतेच.

जाताना ५ किलोमीटरला ७५ मिनिटं, चढाला ३०, वाटेत पाणी पिण्यासाठी आणि दम खाण्यासाठी १५. एकूण २ तास. माथ्यावर अर्धा तास. परतताना चालण्याला ७५ मिनिटं, सुट्या उताराला १०, थांबण्याला १०, म्हणजे १ तास ३५ मिनिटं. एवढ्यावर थांबता येत नाही, कारण कोणतीच चाल आखल्याप्रमाणे घडत नाही. मी चालण्याच्या एकूण वेळेचा पाव भाग शिल्लक ठेवते. इथे चालणं ३ तास १० मिनिटांचं आहे, म्हणून शिल्लक साधारण ४५ मिनिटं.

आता सूर्यास्तापासून मागे या. ५:३८ मधून ४५ मिनिटं काढली की ४:५३, पायथ्याला पोचण्याची वेळ. त्यातून परतीचे १ तास ३५ मिनिटं काढले की ३:१८, माथा सोडण्याची वेळ. त्याआधी अर्धा तास बसणं, म्हणजे २:४८ ला माथा गाठलेला हवा. आणि त्याआधी चढाचे २ तास. निघण्याची शेवटची वेळ दुपारी १२:४८. बोलायला सोपं म्हणून १२:४५ म्हणू, उशिराकडे मात्र पूर्णांक करू नका. मुंबईच्या दिनदर्शिकेवर विसंबलेला माणूस हाच हिशेब करून १:१० ला निघेल आणि वाटेल की सगळं बरोबर आहे. त्याची शिल्लक मात्र निम्मी झालेली असेल, आणि ती कुठे गेली हे त्याला कळणारही नाही.

‘निघण्याची वेळ’ हा शब्द गोंधळाचा आहे, तोही स्पष्ट करून घ्यावा. १२:४५ ही पायथ्यावरून पहिलं पाऊल टाकण्याची वेळ आहे, उमरखेडच्या घरून निघण्याची नव्हे. एस.टी.चा किंवा जीपचा प्रवास, पुढे पायथ्यापर्यंत पोचणं, कुणाचं चहाचं थांबणं, हे सगळं त्याच्या आधी संपलेलं हवं. आणि परतीची शेवटची बस ठरलेली असेल, तर ४:५३ ऐवजी बसची वेळच शेवटची ठरते. जे आधी संपणार, त्यापासून मागे मोजायचं.

चौघांत एक जण तासाला ३ किलोमीटरच चालत असेल, तर हिशेब त्याच्याच चालीने होतो. चौघांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण डोंगरात सरासरी माणूस चालत नसतो. १० किलोमीटरला २ तास ३० मिनिटांऐवजी ३ तास २० मिनिटं लागतात. चालणं ४ तासांचं होतं, म्हणून शिल्लकही तासाभराची होते. निघण्याची वेळ १२:४८ वरून ११:४३ वर येते. एका माणसाच्या मंद चालीने एक तास पाच मिनिटं आधी निघावं लागतं. हे आदल्या रात्रीच उघड बोललेलं बरं, म्हणजे मग वाटेत कुणी लाजेने जोरात चालत नाही आणि उतारावर त्याचे गुडघे बोलू लागत नाहीत.

इथपर्यंतचा हिशेब घरी बसून करता येतो. खरी उपयोगाची गोष्ट यापुढे आहे, कारण एकदा वाटेला लागल्यावर निघण्याची वेळ मागे पडते आणि माथा सोडण्याची वेळ हाती उरते. बहुतेक लोक ३:१८ हा आकडा लक्षात ठेवतात आणि त्यालाच धरून चालतात. तो आकडा मात्र तुमची चाल ठरल्याप्रमाणे आहे, या गृहीतावर उभा आहे. ते गृहीत खोटं ठरलं की ३:१८ देखील खोटं ठरतं.

एक प्रसंग धरा. तुम्ही १२:४८ ला निघालात. अर्ध्या वाटेवर, म्हणजे अडीच किलोमीटरवर, थांबे धरून तुम्हाला एक तास लागायला हवा होता. प्रत्यक्षात ८० मिनिटं लागली, उन्हामुळे, कुणाच्या चपलेमुळे, कशामुळेही. आता मनात येतं की आपण २० मिनिटं मागे आहोत, ४५ मिनिटांच्या शिल्लकीतून ती भागतील. ही समजूत घातक आहे. तुम्हाला आखलेल्यापेक्षा एक-तृतीयांश वेळ जास्त लागतो आहे, आणि वरचा अर्धा भागही तसाच मंद जाईल. पूर्ण चढाला २ तासांऐवजी १६० मिनिटं लागतील. परतीलाही तीच माणसं तेच पाय घेऊन चालणार आहेत, म्हणून ९५ मिनिटांची जागा १२७ मिनिटं घेतील. १६० आणि १२७ मिळून २८७. सूर्यास्तापर्यंत तुमच्याकडे एकूण २९० मिनिटं आहेत. म्हणजे माथ्याला हात लावून त्याच पावली वळलात, तरी सगळी शिल्लक संपून तुम्ही बरोबर सूर्य बुडताना पायथ्याशी पोचाल. अर्धा तास बसलात, तर अंधारात.

शिल्लक तशीच ठेवायची असेल तर काय करायचं? ४५ मिनिटं बाजूला काढली की २४५ उरतात. परतीच्या टोकाला १५ मिनिटं बसायचं ठरवलं की २३०. या २३० मिनिटांत दोन्ही बाजूंचं चालणं बसवायचं आहे. २३० ला २८७ ने भागलं की ०.८० येतं. वाटेचा चार-पंचमांश भाग, म्हणजे चौथा किलोमीटर. तिथे तुम्ही दोन वाजून छप्पन्न मिनिटांनी पोचाल, पंधरा मिनिटं बसाल आणि ३:११ ला परत फिराल. त्या दिवशी माथा होणार नाही. तुमच्या आखलेल्या ३:१८ वर विसंबून पुढे गेला असतात, तर तो आकडा तुम्हाला पुढे ढकलत राहिला असता. उशीर एकदाच मोजू नये, परतीलाही मोजावा. अर्ध्या वाटेची वेळ वहीत लिहून, प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला आखलेल्या वेळेने भागून जो गुणक येतो, त्याने परतीला गुणलं की पुरतं. मात्र सपाट सुरुवात आणि खडा शेवट असलेल्या वाटेवर पहिल्या अर्ध्याचा गुणक खोटा दिलासा देतो, तेव्हा चढाच्या भागातल्या एका टप्प्याची वेळच तपासायला घ्यावी.

आता डोंगराची एक अडचण. पायथ्याच्या नाल्यातून जाणारी वाट पूर्वेकडे तोंड करून असेल आणि पश्चिमेला डोंगराचा कडा असेल, तर सूर्य तिथे ५:३८ पर्यंत राहत नाही. हात लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश व्यापते. कडा क्षितिजापासून एक मूठ उंच असेल, तर डिसेंबरात तो सूर्याला सुमारे ५० मिनिटं आधी गिळतो, म्हणजे ४:४८ ला. लक्षात घ्या, त्यामुळे काळोख ५० मिनिटं आधी पडत नाही. आकाश अजून उजळच असतं, पण नाल्यात ऊन नसतं, दगडांच्या कडांना सावली उरत नाही आणि उतार किती खोल आहे ते डोळ्याला कळत नाही. ‘चार बोटं म्हणजे तासभर’ अशी एक समजूतही चालते. हात ताणलेला असेल तर आपल्या अक्षांशावर ती फार आशावादी आहे. चार बोटं साधारण साडेसात अंश होतात, आणि सूर्य तेवढं अंतर पाऊण तासाच्या आतच उतरतो. स्वतःची बोटं एकदा सूर्यास्ताच्या वेळी घड्याळाशी जुळवून पाहावीत.

मोबाइल बंद पडला, घड्याळ नाही, तरी सावली असते. सपाट जागेवर काठी उभी रोवा आणि तिची सावली मोजा. सावली काठीच्या दुप्पट झाली की सूर्य साडेसव्वीस अंशांवर आलेला असतो. माहूरला डिसेंबरच्या सुरुवातीला हे सुमारे ३:२३ ला घडतं, म्हणजे सूर्यास्ताला सव्वादोन तास उरलेले. आपल्या उदाहरणात माथा सोडण्याची वेळ ३:१८ होती. सावली दुप्पट दिसली की आता उठायला हवं, हे आकडे न आठवता कळतं. सावली तिप्पट झाली, तर फक्त १ तास ३३ मिनिटं उरले असतात, आणि परतीलाच १ तास ३५ लागतात. तिप्पट सावलीच्या वेळी माथ्यावर असाल, तर सगळी शिल्लक संपली आहे असं समजा. दुप्पट सावली वर्षाच्या इतर काळातही अशीच साधारण दोन तासांची खूण देते: मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास तीन मिनिटं कमी दोन तास, जूनमध्ये दोन तास पाच मिनिटं. उतरत्या जमिनीवर मात्र सावली खोटं बोलते, उताराच्या दिशेने ती ताणली जाते, तेव्हा काठी सपाट दगडावर उभी करावी. ढगाळ दिवशी ही युक्ती निरुपयोगी आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यातले बरेच दिवस ढगाळच असतात.

चंद्राचा आधार कुणी घेत असेल, तर त्याचंही वेळापत्रक असतं. दत्तजयंती मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला येते, तेव्हा माहूरला यात्रेची मोठी गर्दी असते आणि सूर्य बुडताना जवळजवळ त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. पण त्यानंतर तो दररोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी सूर्यास्तानंतर दोन-अडीच तास चंद्राचा उजेड नसतो, आणि लोक ‘आत्ताच तर पौर्णिमा झाली’ म्हणून निर्धास्त निघतात. यात्रेच्या दिवशी वाटेवर इतकी माणसं असतात की तुमची मोजलेली चाल लागूच पडत नाही. गर्दीत पायऱ्यांवर वेग चालणाऱ्याचा राहत नाही, तो रांगेचा होतो, म्हणून त्या दिवशी चालण्याच्या वेळेवर नेहमीची पाव शिल्लक पुरणार नाही, निम्मी ठेवावी लागेल.

उमरखेड तालुक्यातून आणि पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या अभयारण्यात वेगळाच नियम लागू होतो. तिथे पायी फिरायला वनविभागाची परवानगी लागते, आणि परत येण्याची वेळ तो विभाग ठरवतो, सूर्य नव्हे. ती वेळ सूर्यास्ताच्या आधीची असेल, तर हिशेबाची सुरुवात तिथूनच करायची. या रानात अस्वलं आणि बिबटे आहेत आणि सांजवेळी ते पाण्याकडे, रानातल्या फळांकडे हिंडू लागतात. झुडपातून अचानक समोर आलेला माणूस अस्वलाला चालत नाही, हे या भागातल्या गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ते गुरं ऊन असतानाच गावाकडे वळवतात.

मी स्वतः निघण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहून खिशात ठेवते: सूर्यास्त ५:३८, पायथा ४:५३, माथा सोडणं ३:१८, अर्धी वाट १:४८, निघणं १२:४८. अर्ध्या वाटेच्या ओळीपुढे जागा मोकळी ठेवलेली असते, तिथे प्रत्यक्ष वेळ लिहायची. निघाल्यापासून प्रत्यक्ष लागलेली आणि आखलेली मिनिटं यांचा भागाकार काढायला पेन्सिल पुरते. तो १ पेक्षा मोठा आला, की माथ्याच्या ओळीवर तिरकी रेघ मारून नवी वेळ लिहायची, आणि सोबतच्यांना ती मोठ्याने वाचून दाखवायची.